किरकोळ – ५०,०००

प्रश्न: दिवाळी अंकाला पाठवायला कथा लिहितेय. साखरपुडा झालेलं पुण्यातलं जोडपं, लग्नाच्या बजेटवरून वाजतं आणि त्यातून दोघांना कळतं की आपल्याला आणि समोरच्याला खरंच काय मोलाचं आहे. तीनदा लिहून झाली. दरवेळी भांडणाचा नुसता हिशोब होतो नाहीतर दोघं भाषणं ठोकतात, आणि शेवटचा समेट मलाच खोटा वाटतो. कुठे चुकतंय?

उत्तर:

माझा अंदाज सांगतो, तुमची दोघं पूर्ण बजेटवर भांडतायत. कार्यालय, केटरर, शालू, फोटोग्राफर, सगळंच. वीस-बावीस वर्षं कथा वाचतोय, संपादन करतोय, लिहितोय, आणि या विषयावरच्या कथा दरवर्षी येतात, त्यातल्या बऱ्याच इथेच बसतात. पूर्ण यादीवर भांडण लावलं की एक पात्र उधळं आणि दुसरं काटकसरी असे दोन छाप तयार होतात, मग त्यांच्या तोंडी भाषणंच येणार, दुसरं काय येणार. भांडण एका ओळीवर आणा. खरं तर दोन ओळींवर, एक तिची जी ती सोडत नाही आणि एक त्याची जी तो सोडत नाही, आणि एकीसाठी पैसे हवे असतील तर दुसरीतूनच काढावे लागतील अशी पैशांची ओढाताण पाहिजे. बाकी यादीवर दोघांचं एकमत असू दे, म्हणजे वाचकाला कळतं की ही माणसं कंजूषही नाहीत आणि उधळीही नाहीत, अडकलीयत ती फक्त इथे.

कसं ते एक कथा बांधूनच दाखवतो. नावं, आकडे सगळे कल्पनेतले.

सगळ्यात आधी ठरवा पैसे कोणाचे. हे बरेच जण ठरवतच नाहीत आणि कथा तिथेच लंगडी होते. आपल्याकडे जुन्या पद्धतीत बैठकीत याद व्हायची, कोणी काय द्यायचं, कोणी काय करायचं ते कागदावर यायचं, आणि खर्चाचा मोठा भार मुलीकडे. तसं ठेवलंत तर मुलाचं 'कमी खर्चात करू' हे फुकटचं शहाणपण होतं आणि त्याचं 'जोरात करू' ही मागणी होते. मागणी आली की ती हुंड्याची गोष्ट झाली, त्याला १९६१ चा कायदा आहे, आणि तिथे 'दोघांना काय मोलाचं' असा समसमान प्रश्नच उरत नाही, एक बाजू सरळ चूक असते. ती कथा वेगळी, ती पण लिहा, पण ही नव्हे. म्हणून इथे दोघं कमावतात, दोघांचे ६-६ लाख, एकूण १२, घरच्यांकडून एक पैसा घ्यायचा नाही असं दोघांनीच ठरवलेलं. आता कोणीही 'माझे पैसे' म्हणून जिंकू शकत नाही.

मुग्धा नारायण पेठेतली. वडील लवकर गेले, आईने घरात डबे सुरू केले, चौदा वर्षं चालवले, स्पर्धा परीक्षेची पोरं, आसपासच्या कॉलेजांची पोरं, सकाळ-संध्याकाळ. अनिकेत चिंचवडचा, चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. बजेटची एक्सेल शीट त्याने केलीय, दोघांच्या मोबाइलवर आहे. ३०० पानं, पानाला ४८० रुपये. (केटररशी बोलणी 'पान' या शब्दात होतात, 'प्लेट' म्हणणारेही आहेत आता, पण पंगतीच्या जेवणाचं लिहिताय तर पान म्हणा, त्या एका शब्दाने घर कळतं.) शीटमध्ये प्री-वेडिंग शूट ४०,०००. विहिणीची पंगत वेगळी, तिची रांगोळी, चांदीची ताटं वगैरे. आणि अगदी शेवटची ओळ: किरकोळ, ५०,०००.

कथा सुरू कुठे करायची? साखरपुड्यापासून नको, आणि तिने पहिल्यांदा बजेट काढलं तिथूनही नको. कर्वे रोडवरच्या कार्यालयात केटररला भेटून दोघं बाहेर पडलीयत, झेड ब्रिजवर गाडी लावून उभी आहेत, तिथून. उद्या दुपारपर्यंत पानांचा आकडा कळवायचाय, अ‍ॅडव्हान्स भरायचाय. भांडणाला मुदत लागते, नाहीतर दोघं समजूतदारपणे 'बघू नंतर' म्हणून घरी जातील, आणि खऱ्या आयुष्यात बहुतेक भांडणं तशीच टळतात. आणि झेड ब्रिजच का, तर तिथे रांगेने जोडपी बसलेली असतात, आवाज चढवता येत नाही. दबक्या आवाजातलं भांडण लिहायला फार बरं पडतं, माणसं ओरडू शकत नाहीत तेव्हा शब्द निवडून मारतात.

मुग्धा म्हणते पानं ४५० सांगू या. दीडशे वाढवायचीयत. अनिकेतने मनात गुणाकार केलेलाच आहे.

"बहात्तर हजार. कुठून?"

"बरेचसे किरकोळमधनं. पन्नास हजार किरकोळ कशाला लागतात कोणाला?"

"ते नाही काढायचे."

"अरे पण कशासाठी आहेत ते सांग ना."

"कशासाठी नाहीत. म्हणूनच आहेत."

इथे थांबून बघा. दोघांनीही आपलं कारण सांगितलेलं नाही, आणि ते लपवतायत म्हणूनही नाही. अनिकेतला खरंच वाटतं की तो नियोजनाचं बोलतोय. मुग्धाला वाटतं ती रीतीचं बोलतेय, 'एवढ्या वर्षांची माणसं आहेत, बोलवायला नको का'. तुमच्या मसुद्यात भाषणं येतायत ती याच कारणाने येत असणार, तुमच्या पात्रांना स्वतःचं मन आधीपासून पाठ आहे. पात्राला पहिल्या भांडणात चुकीचं कारण द्या, जे त्याला प्रामाणिकपणे खरं वाटतं. खरं कारण त्याला पुढे सापडू दे, शक्यतो वाचकाला अर्धं मिनिट आधी.

आता भांडण जिथे तुटतं ती जागा. अनिकेत यादी स्क्रोल करतो, नावं ओळखीची नाहीत, विचारतो ही कोण माणसं. मुग्धा सांगते, आईकडे जेवायची ती मुलं, आणि पोळ्या लाटायला यायच्या त्या बायका, त्यांच्या घरचे. आणि तो म्हणतो,

"म्हणजे डब्याची गिऱ्हाईकं."

बघा, या वाक्यात शिवी नाही. व्यवहारात बरोबरच आहे, पैसे देऊन जेवायची ती मुलं. त्याने टोचायला म्हटलेलंही नाही. पण मुग्धासाठी या वाक्यानंतर पूल संपला. नवशिके लेखक इथे मोठा अपमान घालतात, 'तुझी लायकी', 'तुझ्या घरचे', आणि मग तो मुलगा वाचकाच्या मनातून उतरतो तो परत चढतच नाही, म्हणून शेवटचा समेट खोटा वाटतो. तुमच्या मसुद्यात नेमका तो शब्द शोधा. माझी खात्री आहे तो गरजेपेक्षा मोठा असणार. जखम खोल पाहिजे पण ती करणारा शब्द साधा पाहिजे, म्हणजे परत यायची वाट राहते.

मुग्धाचं उत्तर पण तसंच, ती पण नकळत नेमकं बोट ठेवते: "तुला ना अनिकेत, पैसे खर्च होण्याची भीती नाहीये, तुला पैशाचीच भीती आहे." तो म्हणतो, "पाच तारखेला बेल वाजली की..." आणि गप्प होतो. गाडीला किक मारतो. त्याने म्हटलेलं असतं सोडतो घरी, ती म्हणते चालत जाईन, पुलापलीकडे केळकर रोड उतरलं की घरच आहे तिचं.

हे अर्धं वाक्य जपून ठेवा, तेवढंच पुढची कथा ओढतं. वाचकाला पाच तारीख कळलेली नाही पण ती ऐकू आलेली आहे.

दुसरा प्रसंग घरी. इथे मुग्धाने मैत्रिणीला फोन करून रडायचं, मैत्रीण समजावणार, असं बहुतेक मसुद्यांत असतं आणि ते कापायचं, कारण तिथे शोध न लागता उत्तर मिळतं. त्याऐवजी तिची आई काहीतरी करताना दिसू दे. लग्नाचंच काहीतरी. आई स्वयंपाकघरात मावशीला विचारतेय, विहिणीच्या पंगतीत मी आधी काय वाढायचं गं, जिलबी का मीठ? आणि पदर कमरेला खोचून, रिकामी वाटी हातात धरून, वाकून वाढून दाखवतेय.

मुग्धा दारात उभी राहून बघते. चौदा वर्षं हीच पोज. लग्नातही आई वाढणार. विहिणीची पंगत म्हणजे मुलाच्या आईचा मान, मुलीच्या आईने आग्रह करकरून वाढायचं, ती पंगत शीटमध्ये पहिल्या दिवसापासून आहे, कोणी तिच्यावर अक्षर काढलेलं नाही, मुग्धानेही नाही. आता तिला स्वतःचं कळतं. तिला दीडशे माणसं बोलवायची रीत पाळायची नव्हती. ज्यांनी आईच्या हातचं खाल्लं त्यांच्यासमोर, त्यांच्या पंगतीत, आई एकदा बसलेली बघायची होती तिला. आईला जेवताना तिने नीट बघितलेलंच नाही, आई नेहमी शेवटी, उभ्याउभ्या, कढईतलं.

हे तिने कोणाला सांगायचं नाही. मनातही फार लांबवायचं नाही, दोन वाक्यं पुरेत. वाटी दिसली की पुरे.

या कथेत हा तपशील का चालतो तेही सांगतो, कारण तुम्हाला तुमचा शोधावा लागेल. तो लग्नाच्या आतून आलाय. मी एक कसोटी लावतो, भांडणातलं लग्न काढून तिथे फ्लॅटचं इंटिरिअर घालून बघायचं. संवाद तसेच चालले तर समजायचं की लग्न नुसतं पाठीमागच्या पडद्यासारखं आहे. विहिणीची पंगत इंटिरिअरमध्ये होत नाही. केळवण, रुखवत, मानपानाच्या साड्या, आहेर घेणार की 'आहेर आणू नयेत' छापणार, सीमंतपूजनाला किती माणसं, यातल्या प्रत्येकात कोणाचं तरी उभं राहणं आणि कोणाचं तरी बसणं आहे. तिथे शोधा. डीजे आणि ड्रोनमध्ये फारसं सापडत नाही, ते पैसे कापले तरी कोणाच्या आतलं काही हलत नाही.

त्यावरून अजून एक. पात्राला काय मोलाचं आहे हे ते कशासाठी भांडतं यापेक्षा काय सहज सोडतं यावरून जास्त कळतं. अनिकेतने स्वतःचा सूट आधीच कापलाय, भावाचाच घालणार. हनिमूनला विमानाऐवजी कोकण रेल्वे. हे कथेत सुरुवातीलाच, भांडणाआधी, जाता जाता येऊ दे. म्हणजे तो ५०,००० ला हात लावू देत नाही तेव्हा वाचक म्हणतो, अरे, हा पैशाला चिकटलेला माणूस नाही, मग हे काय आहे?

तिसरा प्रसंग. रात्री अनिकेत येतो. फुलं घेऊन नको, सॉरी म्हणत नको. उद्याचा आकडा कळवायचाय म्हणून येतो, तेवढं कारण खरं आहे आणि पुरेसं आहे. आई झोपलीय. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी. मुग्धा आधीच एक गोष्ट करून बसलीय, तिने शीटमधून प्री-वेडिंग शूट काढून टाकलंय. तो तिचा हट्ट होता, त्याचा नव्हता. ४०,००० मोकळे झाले. ती म्हणते, किरकोळला हात लावत नाही, यात जितकी बसतील तितकी. मग विचारते, "पाच तारखेचं काय म्हणत होतास?"

तो तीन-चार वाक्यांत सांगतो. आत्याच्या लग्नाला बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढलेलं. दर पाच तारखेला वसुलीचा माणूस यायचा. बेल वाजली की नऊ वर्षांचा अनिकेत दार उघडून सांगायचा, बाबा घरी नाहीत. बाबा आत, पलंगावर बसलेले असायचे, टीव्ही बंद करून.

"लग्न छान झालं होतं म्हणे आत्याचं," एवढंच तो वर म्हणतो. याहून एक शब्द जास्त नको. 'म्हणून मला तेव्हापासून...' असं वाक्य लिहिलंत तर खोडा, वाचकाने ते स्वतः जोडलेलं असतं आणि तुम्ही परत जोडून दिलंत की तो दुखावतो.

आता तिचं कळायचं राहिलं. आणि ते तिने सांगून नाही. यादी करायला तिने आईची डब्याची वही काढलीय, लाल बांधणीची, त्यातूनच नावं घेतलेली. तो वही ओढून घेतो, नावं वाचायला लागतो. नावापुढे आकडे आहेत. बाकी १,४००. बाकी ६५०. बाकी २,१००.

"ही बाकी कधी आली?"

"नाही आली."

"मागितली नाही काकूंनी?"

"पोस्ट निघाली नाही त्या मुलांची. आई म्हणायची, ज्याला द्यायचेत तो आपण होऊन येईल, दारात जाऊन कशाला उभं राहायचं."

अनिकेत पान उलटत नाही बराच वेळ.

ही या कथेची खरी सांधणी आहे. त्याच्या लहानपणी दाराबाहेर उभा राहणारा माणूस होता, आणि इथे एक बाई आहे जी कोणाच्याच दारात गेली नाही. एकच वही, तिला त्यात आई दिसते आणि त्याला त्यात स्वतःचं दार दिसतं. दोघांची मोलाची गोष्ट एकाच वस्तूत भेटली की समेट लिहावा लागत नाही. मला सुरुवातीला हे जमायचं नाही, माझ्या पहिल्या अशा कथेत मी दोघांना तळजाई टेकडीवर नेऊन पानभर बोलायला लावलं होतं आणि एका जाणत्या संपादकांनी ती परत पाठवली, समासात लिहिलं होतं, 'यांच्या हातात काही नाही'. त्यांना म्हणायचं होतं, शब्दशः हातात. वस्तू नाही. तेव्हापासून मी आधी वस्तू शोधतो.

आता हिशोब करा, आणि कथेतही पूर्ण करा, बजेटच्या कथेत आकडा जुळला नाही तर वाचक पेन्सिल घेऊन बसतो. ४०,००० भागिले ४८०. त्र्याऐंशी पानं. दीडशे नाहीत. म्हणजे सदुसष्ट नावं गाळायचीयत. ही कमतरता काढून टाकायचा मोह होईल तुम्हाला, कोणीतरी काका मदत करतो, केटरर भाव कमी करतो. करू नका. दोघांना एकमेकांचं मोलाचं कळलं म्हणून पैसे वाढत नाहीत. फक्त गाळणारे आता दोघं आहेत, समोरासमोर नाहीत, शेजारी बसलेत. रात्री साडेबारापर्यंत तो एकेक नाव वाचतो, ती सांगते कोण, काय आवडायचं, कोण रोज आमटी परत मागायचा. पोळ्यावाल्या बायका पाचही, घरच्यांसकट, पहिल्या. वहीत ज्यांची बाकी राहिलीय त्यांतला तो एकही गाळू देत नाही. इथे त्याने कारण सांगायचं नाही.

मग मध्येच तो विचारतो, "विहीण दोन्हीकडून असते ना गं?"

"म्हणजे?"

"माझी आई काकूंची विहीण. तशा काकू पण माझ्या आईच्या विहीण झाल्या की नाही? मग त्या पंगतीत दोन पानं मांडायची. एकच कशाला?"

मुग्धाने त्याला वाटीचं सांगितलेलं नाही, हे लक्षात ठेवा. तो फक्त वही वाचून इथे आलाय. आणि तिने यावर रडायचं नाही, मिठी नाही. ती म्हणते, "आई बसायची नाही." तो म्हणतो, "बसतील. वाढायला मी आहे." ती म्हणते, "तुला जिलबी आधी का मीठ आधी माहितीये का?" त्याला माहीत नाही. झालं. आई खरंच बसेल का हे कथेत उघडं राहू दे, लग्नाचा दिवस दाखवू नका. तो दिवस दाखवलात तर त्यात डोळे पुसणारी माणसं येणारच, तुम्ही कितीही रोखलंत तरी.

शेवट शीटवर करा, जिथून भांडण निघालं तिथेच. त्र्याऐंशी गुणिले ४८०, ३९,८४०. अनिकेत आकडा भरतो. १६० रुपये उरतात. मुग्धा म्हणते राहू दे, त्याचं काय एवढं. तो शेवटच्या ओळीवर बोट नेतो, पन्नास हजार खोडतो आणि टाइप करतो.

किरकोळ – ५०,१६०.